पहिली ओळ बदलली, तेव्हा

वाचनाचा चिमट्याचा दिवा मी ऑनलाइन विकायला ठेवला होता. वर्णनाची सुरुवात होती, ‘उत्तम दर्जाचा, आकर्षक आणि टिकाऊ एलईडी दिवा’. लोक विचारायचे, “हा पुस्तकाला लावता येतो का?” ते तर चौथ्या वाक्यात लिहिलं होतं! तिथवर कुणी पोचतच नव्हतं.

मग लिहिलं, ‘शेजारी झोपलेल्याची झोप न मोडता रात्री पुस्तक वाचता यावं यासाठी चिमट्याचा दिवा’. मजकूर चांगला होता, पण मोबाइलवर ओळ ‘रात्री पुस्तक…’पाशी तुटली. मराठीत विशेषणं आधी आणि वस्तू शेवटी येते, त्यामुळे ‘दिवा’ हा शब्दच दिसेना.

शेवटी वस्तू आणि उपयोग पुढे आणले: ‘रात्री वाचायचा चिमटा-दिवा: उजेड पानावर, शेजारच्याची झोप शाबूत’. ओळ कुठेही तुटली तरी पहिल्या तीन शब्दांत काम कळतं. पुढचा भाग डोळ्यांपुढे प्रसंग उभा करतो, आणि माझ्या मते स्क्रोल करणारा बोट थांबवतो ते त्यासाठीच.

ओळ ठेवण्याआधी अंधारात दिवा लावून पाहिला. मोठ्या आकाराच्या पुस्तकाचं अर्धंच पान उजळलं, म्हणून ‘मध्यम आकाराच्या पुस्तकांसाठी’ हे लगेच दुसऱ्या ओळीत घातलं. पुस्तकाला लागतो का, हा प्रश्न त्यानंतर आला नाही.