फीच्या पावतीची लिंक पुढे पाठवण्यापूर्वी

ऊसतोडीसाठी बाहेरगावी गेलेले बीडकडचे पालक शाळेच्या पोर्टलवर मुलाची फी भरून पावतीची लिंक गावी आजी-आजोबांना पाठवतात, तेव्हा एक तपासणी आधी करावी. ती लिंक कॉपी करून ब्राउझरच्या इनकॉग्निटो विंडोत, लॉगिन न करता उघडावी. लॉगिनचे पान आले तर ठीक. थेट पावती दिसली तर मुलाचे नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांक लिंक मिळालेल्या कोणालाही दिसू शकतो. अशा वेळी लिंकऐवजी पावतीची पीडीएफ फक्त घरच्यांना पाठवावी, शाळेच्या गटात टाकू नये, आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. लिंकमधील क्रमांक बदलून इतरांची पावती उघडते का, हे मात्र स्वतः पाहू नये. ती दुसऱ्या मुलाची माहिती असते.