खातं बंद पडलं, भाव थांबले नाहीत

लातूरच्या मोंढ्यातले सोयाबीन-तुरीचे भाव मी रोज मेसेजिंग ॲपवरून शेतकऱ्यांना पाठवतो. ऐन आवकेच्या दिवसांत एका सकाळी खातंच बंद! चारशे जणांचे नंबर ग्रुपमध्येच, फोनमध्ये सेव्ह जेमतेम साठ. बॅकअप होता, पण तो त्याच खात्याला बांधलेला. खातं उघडेना, तर तो काय उघडणार? तक्रारीनंतर सहा दिवसांनी सुटका झाली.

त्याच रात्री कामाला लागलो. एकेक नंबर गावासकट सेव्ह केला: 'औसा बालाजीमामा', 'निलंगा दूधवाले'. कॉन्टॅक्ट एक्सपोर्ट करून आलेली .vcf फाइल पेनड्राइव्हवर टाकली आणि बायकोच्या जुन्या फोनवर उघडून नंबर मोजले. न उघडून बघितलेला बॅकअप मी आता धरतच नाही. जुने भाव चॅट एक्सपोर्ट करून .txt मध्ये काढले. ग्रुपला ॲडमिन मी एकटाच होतो, हा शुद्ध येडेपणा. आता पुतण्याही आहे, त्याच्या स्वतःच्या नंबरवरून.

दुसऱ्या ॲपवर चॅनल काढलं, तर पहिल्या आठवड्यात नव्वदच जण आले. लिंक पाठवून कोण दाबतंय? म्हणून आता आडतीच्या हिशोबपट्टीवरच खाली तिचा क्यूआर कोड छापतो. पैसे मोजताना पट्टी सगळेच बघतात.