चहा, जेवण आणि 'बसणं' : सिगारेटची तलफ सांभाळताना या चुका टाळा

सिगारेट सोडायला येणाऱ्यांशी मी नाशिकमध्ये बोलत असतो. बहुतेकांची सिगारेट पहिल्या आठवड्यात एखाद्या मोठ्या संकटामुळे परत येत नाही, ती सव्वादहाच्या चहाला परत येते. म्हणून इथे फक्त तीन वेळांबद्दल लिहितो: चहाची सुट्टी, जेवणानंतरची दहा मिनिटं आणि शनिवारची दारू.

उदाहरण म्हणून अंबड एमआयडीसीतल्या एका सीएनसी ऑपरेटरचं घेऊ. वय अडतीस, दिवसाला नऊ सिगारेटी. सोडायच्या आधी मी त्याला तीन दिवस खिशात कागद ठेवायला सांगितला. प्रत्येक सिगारेटला किती वाजले, कुठे होतो, सोबत कोण होतं आणि त्याआधी पोटात काय गेलं होतं, एवढंच लिहायचं. कागद पाहून तोच गप्प झाला. नऊपैकी चार चहासोबत आणि दोन जेवणावर होत्या. "सर, मला वाटायचं टेन्शनमुळे ओढतो," तो म्हणाला. टेन्शनच्या नावावर एकच निघाली.

चूक पहिली: टपरीवर उभं राहून तलफेशी झुंजणं

त्याने पहिल्या दिवशी ठरवलं की चहा प्यायचा, सिगारेट नाही. टपरी, मित्र आणि दगडी कट्टा सगळं तेच ठेवलं. तिसऱ्या घोटाला हात खिशात गेला.

तलफ एकदा उठली की चढते, टोकाला जाते आणि साधारण पाच-दहा मिनिटांत ओसरते, तुम्ही ओढा किंवा ओढू नका. 'दहा मिनिटं थांब' हा उपाय याच गोष्टीवर उभा आहे. पण चहाची सुट्टीच दहा मिनिटांची असते, म्हणजे तलफेचा सगळा चढ तुम्ही समोरच्याच्या धुरात उभं राहून काढता. अशा वेळी घड्याळाकडे बघत बसलात तर मिनिटं लांबतात. थांबायचं ते जागा सोडून, आणि हाताला काम देऊन.

आम्ही असं ठरवलं: पहिले दोन आठवडे टपरी बंद. चहा घरून थर्मासमध्ये आणायचा आणि मशीनपासून दूर, कँटीनच्या आत प्यायचा. सुट्टी झाली की आधी पाच मिनिटं शेडला एक फेरी मारायची, पाणी प्यायचं आणि मगच चहा. आणखी एक बारीक गोष्ट त्याच्या हातांकडे बघताना लक्षात आली. कटिंगचा ग्लास तो कायम डाव्या हातात धरायचा, कारण उजवा सिगारेटसाठी मोकळा ठेवलेला असायचा. ग्लास उजव्या हातात घ्यायला सांगितलं. डाव्या हाताला मूठभर फुटाणे. सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं, पण सवयीने उठणारा हात अडला.

दहा मिनिटांनी तलफ असेलच तर 'आता ओढतो' म्हणायचं नाही. 'आणखी दहा' म्हणायचं. दहा मिनिटांनंतरचं बक्षीस म्हणून सिगारेट ठेवली, तर तुम्ही तिची वाटच बघत बसता.

चूक दुसरी: सिगारेट सोडली, पण चहा तेवढाच

हे फार कमी जणांना माहीत असतं. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा जास्त वेगाने करतं. धूर थांबला की काही दिवसांत तो वेग उतरतो आणि तेवढ्याच चहातलं कॅफिन रक्तात जास्त वेळ, जास्त प्रमाणात राहतं. मग छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणं आणि उगाच चिडचिड होते. माणूस समजतो, 'सिगारेट नाही म्हणून असं होतंय', आणि ओढतो.

आमचा गडी दिवसाला सहा चहा घेत होता. तीनवर आणले, तेही कटिंग, आणि संध्याकाळी सहानंतर एकही नाही. चौथ्या रात्री त्याला झोप लागली. हा निचऱ्याचा फरक धुरामुळे पडतो, त्यामुळे तंबाखू-चुना मळणाऱ्यांना तो तसा लागू होत नाही. जागा आणि हात बदलण्याचा भाग मात्र त्यांनाही लागू आहे.

निकोटिनची गोळी, म्हणजे च्युइंगम, घेत असाल तर चहा-कॉफी पिताना आणि त्यानंतर पंधरा मिनिटं ती तोंडात ठेवू नका, नाहीतर तोंडातून निकोटिन नीट शोषलं जात नाही. साध्या च्युइंगमसारखी भराभर चघळूही नका, उचकी लागते, पोटात जळजळ होते. जरा चावायची, तिखट लागलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर किती ताकदीची गोळी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा.

चूक तिसरी: जेवणानंतर सुपारी

'सिगारेटऐवजी काहीतरी चघळतो' म्हणत कित्येक जण गोड सुपारी किंवा मसाला पानाकडे वळतात. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तिच्यात तंबाखू असो वा नसो. तोंड कमी उघडायला लागण्याच्या आजारामागेही तीच असते. एक व्यसन काढून दुसरं बसवू नका.

बडीशेप, ओवा, लवंग किंवा वेलदोडा चालेल, पण माझ्या अनुभवात त्याहून जास्त उपयोग उठण्याचा होतो. शेवटचा घास झाला की ताटावरून लगेच उठायचं, डबा घासायचा, दात घासायचे. टूथपेस्टची चव असताना सिगारेट बेचव लागते. त्याने कारखान्यातच ब्रश ठेवला. रविवारी मिसळीनंतरची सिगारेट मात्र हट्टी निघाली, कारण तिथे तिखट, चहा आणि मित्र तिन्ही एकदम येतात. तेव्हा मिसळ घरी आणली, चहाऐवजी ताक ठेवलं आणि जेवण झाल्यावर मुलीला घेऊन गोल्फ क्लबच्या मैदानावर चक्कर.

चूक चौथी: दारूच्या वेळी 'दहा मिनिटं थांब'वर विसंबणं

थांबायचं ते डोक्याने, आणि दारू पहिल्यांदा तीच लगाम सैल करते. म्हणून इथे निर्णय बसायच्या आधी झालेला हवा. पहिले तीन-चार आठवडे बसणंच टाळा. टाळता येत नसेल तर धूर नसलेल्या ठिकाणी बसा, न ओढणाऱ्याच्या शेजारी बसा, किती पेग ते आधी ठरवा आणि गाडीत पाकीट ठेवू नका. जो रोज भरपूर पितो त्याने मात्र दारू एकदम स्वतःहून बंद करू नये. झटके येऊ शकतात, डॉक्टरांना भेटूनच करावं.

आमचा ऑपरेटर तिसऱ्या शनिवारी मित्राच्या वाढदिवसाला सातपूरला गेला आणि दोन ओढून आला. बायको म्हणाली, "अहो, एवढे दिवस गेलेत, सरांना फोन करा." त्याने दुसऱ्या दिवशी केला. मी विचारलं, "पाकीट विकत घेतलंस का?" नव्हतं घेतलं. मग दोन सिगारेटींसाठी सोडायची नवीन तारीख ठरवायची गरज नव्हती. कागद काढायला लावला: दुसऱ्या पेगनंतर, बाहेर गेटजवळ, मित्राने पुढे केली. पुढच्या वेळी दोनऐवजी एकच पेग, आणि मित्र बाहेर निघाले की हा आत चखण्यापाशी थांबणार, हे त्याच कागदावर लिहून ठेवलं. मित्राला त्याने स्वतः फोन करून सांगितलं, "मला देऊ नको, मागितली तरी." बोलायला कोणी नसेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन 1800-11-2356 आहे, फोन मोफत लागतो.

सहाव्या आठवड्यात तो टपरीवर परत गेला. ग्लास अजून उजव्याच हातात असतो.