जुनं मशीन बदलताना या चुका टाळा: विक्रीवरचा कर कुठे बसतो आणि कुठे बसत नाही

वाळूज एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये नऊ वर्षं जुनं सीएनसी लेथ होतं. दुपारच्या पाळीत स्पिंडल तापलं की बोअरचं माप हलायला लागायचं, ऑपरेटर दर दहा नगांनी ऑफसेट बदलत बसायचा, तरी रिजेक्शनची लाल पेटी भरायचीच. मालकांनी नवं मशीन घ्यायचं ठरवलं आणि एक्सेल शीट माझ्याकडे पाठवली. शीट म्हणत होती, घ्या, आजच्या पैशात सव्वा लाखाचा फायदा आहे. तोच हिशेब नीट मांडल्यावर 35 हजारांचा तोटा निघाला. बेरजा बरोबर होत्या. चूक जुन्या मशीनच्या विक्रीवरचा कर मांडण्यात होती, आणि हीच चूक मला सगळ्यात जास्त वेळा सापडते.

आधी आकडे पाहू. समजायला सोपे जावेत म्हणून ते गोल केले आहेत, नव्या यंत्रावर पहिल्या वर्षी मिळू शकणारा अतिरिक्त घसारा धरलेला नाही आणि जीएसटी वगळला आहे, कारण त्याचं क्रेडिट या शेडला मिळतं. नवं मशीन 24 लाखांचं. जुन्याला आज 4 लाख मिळतात. आणखी पाच वर्षं ठेवलं तर भंगारात 1 लाख येतील, नवं मात्र पाच वर्षांनी 8 लाखांना जाईल. रिजेक्शन, दुरुस्ती, ओव्हरटाइम आणि बाहेर द्यावं लागणारं काम मिळून वर्षाला 5.20 लाख वाचतील. फर्म भागीदारीची, त्यामुळे कर सेस धरून 31.2 टक्के. करानंतरचा अपेक्षित परतावा 12 टक्के.

शीटमध्ये काय केलं होतं? जुन्या मशीनची ताळेबंदातली किंमत 7 लाख, विक्री 4 लाखांना, म्हणून तोटा 3 लाख. त्यावर 31.2 टक्क्यांनी वाचणारा 93,600 रुपयांचा कर पहिल्याच दिवशी जमा धरला होता. कॉलेजच्या पुस्तकातल्या उदाहरणांत असंच शिकवतात आणि तिथे ते चालतं, कारण त्या उदाहरणात प्रत्येक मशीनचा घसारा वेगळा धरलेला असतो. आपल्या आयकर कायद्यात मशीन एकटं नसतं. एकाच दराची सगळी यंत्रसामग्री एका ब्लॉकमध्ये जाते आणि घसारा त्या ब्लॉकच्या उरलेल्या किमतीवर, साधारण यंत्रांना 15 टक्क्यांनी, मिळतो. एखादं मशीन विकलं की आलेली रक्कम ब्लॉकमधून वजा होते, एवढंच. ब्लॉकमध्ये इतर मशीनं आहेत आणि किंमतही शिल्लक आहे, तोवर त्या विक्रीवर ना नफा दाखवायचा ना तोटा. ताळेबंदातले 7 लाख आयकराला दिसतच नाहीत.

मग 4 लाखांच्या विक्रीचा करावर परिणामच नाही का? आहे, पण तो हळूहळू येतो. ब्लॉक 4 लाखांनी कमी झाला, म्हणजे दरवर्षी त्यावरचा घसारा गेला. शीटमधली दुसरी चूक इथेच होती. घसारा नव्या मशीनच्या पूर्ण 24 लाखांवर मोजला होता. खरं तर 24 आले आणि 4 गेले, म्हणजे ब्लॉक वाढला फक्त 20 लाखांनी. जास्तीचा घसारा पहिल्या वर्षी 3 लाख, दुसऱ्या वर्षी 2.55 लाख, मग 2.17, 1.84 आणि पाचव्या वर्षी 1.57 लाख. दर वर्षीच्या आकड्याला 31.2 टक्क्यांनी गुणलं की वाचलेला कर मिळतो आणि पाचही वर्षांचं आजचं मूल्य 2.59 लाख होतं.

आता बाकीचं. 5.20 लाखांच्या बचतीवर कर जाऊन हातात 3.58 लाख राहतात, पाच वर्षांचं आजचं मूल्य 12.90 लाख. पाच वर्षांनंतर 8 लाख येतील, पण जुनं ठेवलं असतं तर 1 लाख आलाच असता, म्हणून जास्तीचे फक्त 7 लाख धरायचे. त्यांचं आजचं मूल्य 3.97 लाख. ही विक्री सहाव्या वर्षाच्या सुरुवातीला होते असं धरलं आहे. तेव्हा वाढलेल्या ब्लॉकमधले 8.87 लाख शिल्लक असतात. त्यातून 7 लाख गेले की 1.87 लाख ब्लॉकमध्येच राहतात आणि त्यावर पुढेही घसारा मिळत राहतो. त्याचं आजचं मूल्य 18 हजारांच्या आसपास. सगळं मिळून साधारण 19.65 लाख, आणि आज खिशातून जाणार 20 लाख. 35 हजारांची तूट आली ती अशी.

हिशेब उलटा लावला तर वर्षाला साधारण 5.34 लाखांची बचत झाली तरच हे मशीन फिटतं. माझ्या मते निर्णय घेताना हा आकडा सगळ्यात उपयोगी. मालकांनी 5.20 सांगितले होते, म्हणजे फरक 14 हजारांचा. मग वाद मशीनवर घालण्याऐवजी आम्ही रिजेक्शनच्या पेटीवर घातला. वाया गेलेला नग विक्रीच्या किमतीने धरला होता की मालाच्या? भंगाराचे पैसे वजा केले होते का? मागच्या वर्षी स्पिंडलवर केलेला 1.80 लाखांचा खर्च मी हिशेबातून काढायला लावला. तो पैसा दोन्ही पर्यायांत गेलेलाच आहे.

जिथे शेडमध्ये एकच मशीन आहे, तिथे मात्र गोष्ट बदलते आणि तारखेला किंमत येते. समजा ब्लॉकमध्ये 2.50 लाख शिल्लक आहेत. मार्चमध्ये जुनं 4 लाखांना विकलं आणि नवं एप्रिलमध्ये आलं. आर्थिक वर्षाच्या शेवटी ब्लॉक रिकामा, आणि वरचे 1.50 लाख अल्पकालीन भांडवली नफा ठरतात. त्यावर 46,800 रुपये कर. नवं मशीन 31 मार्चच्या आत विकत घेतलं असतं, तर त्याची किंमत ब्लॉकमध्ये जमा झाली असती आणि हा कर लागलाच नसता. उलट, सगळी मशीनं विकून ब्लॉकमध्ये किंमत उरली तर तो अल्पकालीन भांडवली तोटा होतो. तो धंद्याच्या नफ्यातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातून होतो. म्हणून शीटमध्ये त्याचा कर ‘वाचला’ असं धरू नका.

तारखेचा आणखी एक फटका आहे. नवं मशीन त्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरलं, म्हणजे ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन दिवस उलटल्यावर सुरू झालं, तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. आपल्या उदाहरणात नव्यावर 1.80 लाख मिळतात आणि जुन्याच्या विक्रीमुळे 60 हजार जातात. जास्तीचा घसारा 3 लाखांऐवजी 1.20 लाख, आणि वाचलेला कर 93,600 ऐवजी 37,440. उरलेला घसारा बुडत नाही, पुढच्या वर्षांवर जातो, पण उशिरा आलेल्या पैशाला 12 टक्क्यांची किंमत आहेच. दिवाळीच्या सवलतीसाठी थांबणाऱ्यांनी सवलतीची रक्कम आणि हा उशीर शेजारी शेजारी लिहून बघावं.

आणि जे अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत विवरण भरतात, त्यांच्या शीटमध्ये घसाऱ्यामुळे वाचणारा कर शून्य धरायचा. त्या योजनेत घसारा उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यात धरून टाकलेला असतो, वेगळा मिळत नाही. बचतीवरचा करसुद्धा मग 31.2 टक्क्यांनी कापायचा नाही, कारण खर्च वाचला तरी तिथे करपात्र उत्पन्न उलाढालीवरच ठरतं.

शीट तपासायला बसाल तेव्हा आधी पहिल्या दिवसाचा रकाना बघा. तिथे मशीनची किंमत आणि जुन्याचे आलेले पैसे याशिवाय ‘विक्रीवरील तोट्याचा कर’ अशी ओळ दिसली, तर मालकांना विचारा, ब्लॉकमध्ये आणखी काय काय आहे. नंतर घसाऱ्याची ओळ बघा, ती नव्या मशीनच्या पूर्ण किमतीपासून सुरू होते की जुन्याचे पैसे वजा करून. बँकेचा हप्ता वेगळी ओळ म्हणून आला असेल तर तोही काढा, 12 टक्क्यांत व्याजाचा भार आधीच धरलेला आहे.