चतुर्थीची गोळी, लांबलेली पाळी आणि फॉलिक ॲसिड: पहिल्या सहा आठवड्यांत या चुका टाळा

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या देवगड तालुक्यातल्या मेडिकलवर एक मागणी ठरलेली असते: पाळी पुढे ढकलायची गोळी. घरात गणपती बसणार, गौरी येणार, नैवेद्य सुनेच्या हातचा. त्यामुळे बायका आधीच तारखा मोजून येतात. गेल्या काही वर्षांत या गोळीच्या मागोमाग मी इतक्या गरोदरपणांचा गोंधळ पाहिला आहे, की आता ती मागायला येणारीला मी बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही.

2025 सालची एक गोष्ट सांगते. ती तारखांसकट सांगायला हवी, कारण सगळी गफलत तारखांचीच आहे. बाईचं नाव-गाव लिहीत नाही.

तिची शेवटची पाळी 2 ऑगस्टला आली. चक्र नियमित, 28 दिवसांचं. म्हणजे पुढची पाळी 30 ऑगस्टला, आणि गौरी येणार 31 ला. नवरा मुंबईत नोकरीला. तो 15 ऑगस्टच्या सुट्टीला तीन दिवस घरी येऊन गेला होता. मूल हवं म्हणून दोघांनी जूनपासूनच साधनं वापरणं बंद केलं होतं. तरीही 27 ऑगस्टला, चतुर्थीच्या दिवशी, तिने जावेकडच्या जुन्या स्ट्रिपमधून नॉरएथिस्टेरॉन सुरू केली. 5 मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून तीनदा, गौरीविसर्जनापर्यंत, म्हणजे 2 सप्टेंबरपर्यंत. सात दिवसांत 21 गोळ्या झाल्या.

ही गोळी बंद केली की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. तिला 5 सप्टेंबरपर्यंत यायला हवी होती. आली नाही. घरातल्या सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला, की गोळीमुळे पाळी लांबली. मधूनमधून ओटीपोटात दुखायचं, म्हणून पाळी येणारच अशी तिचीही खात्री पटली, आणि दुखण्यावर तिने दोन दिवस मेफेनॅमिक ॲसिडची गोळी घेतली. 12 सप्टेंबरला ती माझ्या काउंटरवर आली आणि म्हणाली, "ताई, माका पाळी येवची गोळी होयी."

मी तिला गोळी दिली नाही, टेस्टची पट्टी दिली. तिने ती घरी नेऊन ठेवून दिली आणि केली आठवड्याने, 20 सप्टेंबरला. दोन ठळक रेघा आल्या. डॉक्टरांनी शेवटच्या पाळीपासून मोजलं तर त्या दिवशी सात आठवडे पूर्ण होत होते.

आता याच तारखा बाळाच्या बाजूने पाहा. गर्भधारणा साधारण 16 ऑगस्टच्या आसपास झाली. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतो, ती न्यूरल ट्यूब गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. म्हणजे 13 सप्टेंबरच्या सुमारास ते काम संपलं होतं. ती नळी नीट मिटायला फॉलिक ॲसिड लागतं. नीट मिटली नाही तर बाळाच्या पाठीचा कणा उघडा राहणं, म्हणजे स्पायना बायफिडा, किंवा कवटी आणि मेंदू न घडणं असे दोष होतात. फॉलिक ॲसिडची पहिली गोळी तिच्या पोटात गेली 20 सप्टेंबरला. सात दिवस उशिरा.

पहिली चूक इथे आहे. टेस्ट आली की मग फॉलिक ॲसिड सुरू करायचं, असं बहुतेक घरांत धरलेलं असतं. जूनमध्ये साधनं बंद केली, त्याच दिवशी तिने गोळी सुरू करायला हवी होती. नेहमीचा डोस रोज 400 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.4 मिलिग्रॅम. निदान एक महिना आधीपासून, जमल्यास तीन महिने आधीपासून, आणि गरोदरपणाचे 12 आठवडे पूर्ण होईपर्यंत. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच गोळी घ्यायची. टेस्ट उशिरा कळली तरी त्याच दिवशी सुरू करावी. नळी मिटलेली असली तरी बाळाच्या वाढीला आणि आईच्या रक्ताला फोलेट लागतंच.

डोसाचा घोळ स्ट्रिपवर होतो. दुकानात सगळ्यात सहज मिळते ती 5 मिलिग्रॅमची गोळी. ती 400 मायक्रोग्रॅमच्या साडेबारा पट. हा मोठा डोस ज्यांचा धोका जास्त आहे त्यांच्यासाठी असतो. आधीच्या बाळाला न्यूरल ट्यूबचा दोष होता, आई किंवा बापाला स्वतःला तो दोष आहे, आईला मधुमेह आहे, किंवा ती फिट्सची औषधं घेते, अशांना डॉक्टर 4 ते 5 मिलिग्रॅम देतात. आपल्याकडे काही डॉक्टर सरसकट 5 मिलिग्रॅम लिहितात. तशी चिठ्ठी असेल तर घाबरून गोळी सोडू नका, फक्त डॉक्टरांना विचारून घ्या. स्वतःच्या मनाने घेणार असाल तर मात्र 400 मायक्रोग्रॅमचीच मागा. जास्त फॉलिक ॲसिडमुळे बी-12 ची कमतरता रक्ततपासणीत लपून राहू शकते, आणि जी बाई मासे, अंडी खात नाही तिच्यात ती कमतरता असण्याची शक्यता बरीच असते.

दुसरा घोळ लाल गोळीचा. आशाताईंकडून मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळीत फॉलिक ॲसिड असतं, हे खरं. पण गरोदर नसलेल्या बाईला ती आठवड्यातून एकदाच देतात, आणि गरोदर बाईला रोज द्यायला सुरुवात होते ती चौथ्या महिन्यापासून. न्यूरल ट्यूब घडते त्या दिवसांत रोजच्या फॉलिक ॲसिडची गरज त्या आठवड्याच्या एका गोळीने भागत नाही. पहिल्या तीन महिन्यांसाठी उपकेंद्रात फॉलिक ॲसिडची वेगळी गोळी असते. ती नाव घेऊन मागा.

आता औषधांकडे. नॉरएथिस्टेरॉन गरोदरपणात घ्यायची नसते. हे संप्रेरकाचं औषध आहे, आणि मोठ्या डोसात, जास्त दिवस घेतल्यास मुलीच्या बाह्य जननेंद्रियांच्या घडणीवर परिणाम होण्याची भीती असते. आठवडाभर नकळत घेतली म्हणून कुणी गर्भपाताचा विचार करू नये. तेवढं कारण त्यासाठी पुरेसं नाही, आणि तिच्या डॉक्टरांनीही तिला हेच सांगितलं. गोळी सुरू करण्याआधी टेस्ट केली होती ना, असा आधार काही जणी घेतात. 27 ऑगस्टला तिने टेस्ट केली असती तर ती बहुधा निगेटिव्हच आली असती, इतके थोडे दिवस झाले होते. म्हणून मी विचारते, या महिन्यात दिवस राहण्याची शक्यता आहे का? असेल तर ही गोळी नकोच. आणि घेतलीच असेल, तर बंद केल्यावर आठवड्यात पाळी आली नाही की सकाळच्या पहिल्या लघवीवर टेस्ट करा. निगेटिव्ह आली आणि पाळीही नाही, तर आठवड्याने पुन्हा. या हिशेबाने तिला 9 सप्टेंबरला कळलं असतं.

"पाळी येवची गोळी" ही याहून मोठी चूक. या नावाखाली कधी संप्रेरकाच्या गोळ्या विकल्या जातात, कधी गर्भपाताच्या. गर्भपाताच्या गोळ्या तपासणीशिवाय घेतल्या तर रक्तस्राव हाताबाहेर जाऊ शकतो. आणि गर्भ गर्भाशयात न येता बीजवाहक नळीत राहिला असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही, नळी फुटण्याचा धोका तसाच राहतो. तारीख चुकलेली, पोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय किंवा थोडं रक्त जातंय, तर मेडिकलवर न येता थेट ग्रामीण रुग्णालय गाठा.

दुखण्याच्या गोळीबद्दल. दिवस राहिल्यावर सुरुवातीला पोटात येणारी कळ आणि पाळीची कळ बाईला वेगळी ओळखता येत नाही. म्हणून तारीख चुकलेली असताना मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड यांना हात लावू नये. सुरुवातीच्या आठवड्यांत यांचा संबंध गर्भपाताशी जोडला गेला आहे, आणि पाचव्या महिन्यानंतर त्या बाळाच्या मूत्रपिंडाला त्रास देतात. एक-दोन गोळ्या घेऊन झाल्या असतील तर थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. दुखणं, ताप यांवर पॅरासिटामॉल चालते: 500 मिलिग्रॅम, दोन गोळ्यांमध्ये निदान सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. फसगत होते ती जोडगोळीत. लावणीनंतर कंबर धरली म्हणून आणलेल्या स्ट्रिपवर पॅरासिटामॉल हा शब्द दिसतो आणि बाई निर्धास्त होते, पण त्याच्या शेजारी ॲसिक्लोफिनॅक लिहिलेलं असतं. मागची सगळी अक्षरं वाचा. नाही वाचता आली तर माझ्यासमोर धरा, मी वाचून दाखवते. उलट टोकाच्याही काही जणी आहेत, ज्या भीतीपोटी पॅरासिटामॉलही घेत नाहीत आणि 102 ताप अंगावर काढतात. सुरुवातीच्या आठवड्यांत तसा चढा तापही बाळाला बाधतो.

आपल्या भागात आणखी एक कॅप्सूल पावसाळ्यात घरोघर असते. लेप्टोच्या भीतीने आठवड्याला घेतात ती डॉक्सिसायक्लिन. भातात उतरणाऱ्या माणसासाठी ती कामाची आहे. गरोदर बाईला मात्र देत नाहीत, कारण या गटातली औषधं बाळाच्या हाडांवर आणि दातांवर जाऊन बसतात. घरात सगळ्यांनी घेतली म्हणून तुम्हीही घेऊ नका. वाटायला येणाऱ्या ताईंना तारीख चुकली आहे एवढं सांगा. बहुतेक वेळा डॉक्टर ॲझिथ्रोमायसिन सुचवतात. आणि शेतात उतरलेल्या गरोदर बाईला ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या दुखायला लागल्या तर घरी थांबू नये. लेप्टोवर पेनिसिलिनच्या गटातलं औषध गरोदरपणातही देता येतं.

शेवटची चूक औषध बंद करण्याची. टेस्ट आली की काही जणी घरातली सगळी औषधं एकदम थांबवतात. थायरॉइडची गोळी थांबवायची नसते, उलट तिचा डोस बऱ्याचदा वाढवावा लागतो. फिट्सवरचं व्हॅलप्रोएट बाळाला खरोखर धोक्याचं आहे, पण ते एकदम सोडलं आणि फिट आली तर दोघांच्या जिवावर बेततं. ते बदलायचं ते दिवस राहण्याच्या आधी, डॉक्टरांकडून. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्या चालत नाहीत, त्यासाठी त्याच दिवशी फोन करून दुसरी गोळी लिहून घ्या. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर ती थांबवल्यावर निदान महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत.

त्या बाईची 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी डिसेंबरमध्ये झाली. बाळाचा कणा बंद होता, सगळं ठीक होतं. डॉक्टरांचा कागद दाखवायला ती दुकानात आली, तेव्हा पिशवीतून नॉरएथिस्टेरॉनच्या उरलेल्या 9 गोळ्या काढून तिने काउंटरवर ठेवल्या. जावेला परत देणार नाही म्हणाली, कारण जावेलाही दुसरं मूल हवं होतं. जावेसाठी तिने 400 मायक्रोग्रॅमची फॉलिक ॲसिडची स्ट्रिप मागितली.