दोन मिनिटांच्या प्रोमोचा व्हीओ लिहिताना या चुका टाळा

नवं शूटिंग परवडत नाही, पण फोनमध्ये आणि हार्ड डिस्कवर दोन-तीन वर्षांच्या क्लिप पडून आहेत, त्यातूनच दोन मिनिटांचा प्रोमो काढून द्या. छोट्या उत्पादकांकडून असं काम सतत येतं. अशा प्रोमोत चित्र आधीच ठरलेलं असतं आणि व्हीओला, म्हणजे चित्रावर वाचल्या जाणाऱ्या निवेदनाला, त्याच्या मापात बसावं लागतं. बहुतेक गडबडी ही अट विसरल्यामुळे होतात. उदाहरणासाठी घरघंटीचा प्रोमो घेऊ. कारखान्यातल्या जोडणीच्या क्लिप आहेत, प्रदर्शनातल्या स्टॉलच्या आहेत आणि एका ग्राहकाच्या स्वयंपाकघरातल्या आहेत.

आधी स्क्रिप्ट, मग क्लिप शोधायच्या

माहितीपत्रक समोर ठेवून छान मजकूर लिहिला जातो आणि एडिटला बसल्यावर कळतं, की 'आवाज अगदी कमी' या वाक्याखाली दाखवायला काहीच नाही. मग तिथे स्टॉलवरची गर्दी चिकटवली जाते. प्रेक्षकाला नेमकं काय खटकलं हे सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास तिथेच कमी होतो.

म्हणून लिहिण्याआधी क्लिपची यादी करा. प्रत्येक क्लिपसमोर काय दिसतं, कितव्या सेकंदापासून कितव्यापर्यंत वापरता येईल आणि त्यात कुणी बोलतंय का, एवढं लिहा. क्लिपची एकूण लांबी फसवी असते. २२ सेकंदांच्या क्लिपमध्ये कॅमेरा स्थिर होईपर्यंत पाच सेकंद जातात, मध्येच कुणी आडवं येतं आणि हाती सहा सेकंद उरतात. यादीत ते सहाच धरायचे. जुनं मॉडेल, जुना लोगो किंवा बदललेली किंमत दिसत असेल तर त्या क्लिपवर तिथेच खूण करून ठेवा.

यादी पूर्ण झाली की ज्याला चित्र नाही तो मुद्दा स्क्रीनवरच्या अक्षरांत टाका किंवा सोडून द्या.

शब्द मोजताना कागदावर विसंबणं

इंग्रजीत मिनिटाला दीडशे शब्दांचा हिशोब सर्रास धरतात. मराठीला तो लावू नका. आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'स्वयंपाकघरातल्या' हा मोजायला एक शब्द, पण बोलायला चांगलाच लांब. प्रोमोच्या निवांत लयीत सेकंदाला दोन शब्द धरले तर फारशी फसगत होत नाही.

आता १२० सेकंदांचा हिशोब करा. शेवटचे आठ सेकंद लोगो आणि फोन नंबरचे. सुरुवातीचे तीन-चार संगीताचे. मध्ये दोन-तीन ठिकाणी यंत्राचा मूळ आवाज ऐकवायचा, त्याचे दहा. उरलेल्या वेळातही वाक्यावाक्यांत श्वास हवा. बोलण्यासाठी जेमतेम ८५ सेकंद मिळतात, म्हणजे १७० शब्दांच्या आसपास. ग्राहकाला हे फारच कमी वाटतं आणि तो आणखी चार मुद्दे पाठवतो. त्याला समजावण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याचाच मजकूर चित्रावर वाचून दाखवणं.

आकड्यांकडे विशेष लक्ष द्या. १८,४९९ हा कागदावर एक शब्द दिसतो, पण बोलताना 'अठरा हजार चारशे नव्व्याण्णव' असे चार होतात, वर 'रुपये'. दहा अंकी फोन नंबर स्वच्छ उच्चारायला पाच-सहा सेकंद लागतात. किंमत आणि नंबर स्क्रीनवर दाखवा आणि वाचून होईपर्यंत तिथे राहू द्या.

वाक्य मापात बसतं, पण शब्द चुकीच्या चित्रावर पडतो

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात कमी पकडली जाते. आपल्या प्रोमोत १२ सेकंदांचा एक तुकडा आहे. पहिले चार सेकंद वरच्या तोंडातून धान्य ओतलं जातंय, पुढचे पाच सेकंद हात जाळी बदलतोय, शेवटचे तीन सेकंद पीठ डब्यात पडतंय. स्क्रिप्टमध्ये असं होतं:

> गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी अशा सर्व प्रकारच्या धान्यांचे आपल्या आवडीनुसार बारीक अथवा जाडसर पीठ दळण्यासाठी यामध्ये विविध प्रकारच्या जाळ्या उपलब्ध करून देण्यात आलेल्या आहेत.

शब्द २४, वेळ १२ सेकंद. हिशोब चोख. पण 'जाळ्या' हा शब्द एकोणिसावा आहे. तो उच्चारेपर्यंत साडेनऊ सेकंद होतात आणि पडद्यावर पीठ पडायला लागलेलं असतं. हातात जाळी होती तेव्हा आवाज 'आपल्या आवडीनुसार' म्हणत होता. मराठी वाक्याचा महत्त्वाचा भाग शेवटाकडे सरकतो, त्यामुळे लांब वाक्य लिहिलं की शब्द चित्राच्या मागे पडणारच. उपाय म्हणजे एका क्लिपला एक छोटं वाक्य, आणि कळीचा शब्द त्याच्या सुरुवातीला:

> (० ते ४) ज्वारी असो वा गहू, वरून ओता.
> (४ ते ९) जाळी बदलली, की पीठ बदललं. चपातीला बारीक, लाडवाला रवाळ.
> (९ ते १२) यंत्राचा आवाज. व्हीओ नाही.

पंधरा शब्द झाले आणि नऊ वाचले. 'जाळी' आता कट पडल्याबरोबर येते. चित्र दिसल्यावर अर्ध्या सेकंदाने शब्द आला तरी चालतो. शब्द आधी आला की मात्र प्रेक्षक ती वस्तू मागच्याच चित्रात शोधू लागतो. 'हात जाळी बदलतो आहे' असं लिहायचीही गरज नाही, ते दिसतंच. जाळी बदलल्याने काय होतं, ते दिसत नाही. आवाजाने तेच सांगायचं.

बोलणाऱ्या माणसावर व्हीओ

ग्राहक ताई स्वयंपाकघरात काहीतरी छान सांगतायत, त्यांचा आवाज बंद आणि वरून निवेदन. प्रेक्षक त्यांच्या ओठांकडे बघत राहतो आणि निवेदन कानाबाहेर जातं. त्यांचा बाईट चांगला असेल तर सहा-सात सेकंद त्यांनाच बोलू द्या आणि तेवढे शब्द स्क्रिप्टमधून कापा. नाहीतर त्याच क्लिपमधले हात, परात किंवा त्या वळून बघतात तो क्षण घ्या.

रेकॉर्डिंग २ मिनिटं ९ सेकंदांचं झालं तर

पहिला मोह ऑडिओचा वेग वाढवण्याचा होतो. किंचित वाढवला तर चालून जातो, पण नऊ सेकंद असे भरून काढायला गेलात तर आवाज घाईत असल्यासारखा लागतो. विराम काढून टाकणं त्याहून वाईट. आधी 'उपलब्ध करून देण्यात आलेल्या आहेत' अशी शेपटं आणि विशेषणं कापा. तरी नाही जमलं तर एक आख्खा मुद्दा काढा.

उलट, एखाद्या जागी क्लिप आवाजाला कमी पडली तर ती स्लो करून ताणू नका. सेकंदाला ३० फ्रेमने शूट केलेली क्लिप निम्म्या वेगाने चालवली की हालचाल अडखळते. वाक्य छोटं करा किंवा दुसरी क्लिप जोडा.

हे सगळं स्टुडिओ बुक करण्याआधी कळायला हवं. त्यासाठी स्वतःच्या आवाजात फोनवर कच्चा व्हीओ करा, टाइमलाइनवर ठेवा आणि ग्राहकाची मंजुरी त्यावरच घ्या. मनातल्या मनात वाचून वेळ मोजू नका, तसं वाचन नेहमी वेगाने होतं. कलाकाराला स्क्रिप्ट पाठवताना प्रत्येक तुकड्यासमोर त्याचे सेकंद लिहा, आकडे अक्षरांत लिहा आणि तुकडे वेगवेगळ्या फाइलमध्ये मागा. म्हणजे ग्राहकाने शेवटच्या क्षणी एखादी क्लिप बदलली तरी तेवढाच तुकडा सरकवता येतो किंवा पुन्हा रेकॉर्ड करता येतो.