मुलाखतीनंतरचा मेल रविवारी लिहा, बुधवारी पोचवा

पाचोऱ्याजवळच्या एका गावातला बी.कॉम. झालेला मुलगा आहे असं समजा. जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइप कारखान्यात अकाउंट असिस्टंटच्या जागेसाठी त्यानं मेलनं अर्ज केला. मंगळवारी, १० फेब्रुवारीला मुलाखत झाली आणि मॅडम म्हणाल्या, "आठवड्याभरात कळवतो." सध्या तो जिनिंगमध्ये कामाला जातो. कपाशीचा हंगाम अजून चालू आहे आणि पाळीच्या वेळी फोन कपाटात ठेवावा लागतो. घरी मात्र रोज कुणीतरी विचारतंच, "नोकरीनं काय झायं भो?" त्याला निवांत बसून लिहायला वेळ मिळतो तो रविवारी रात्री. अशा वेळी मेल रविवारीच लिहून ठेवायचा आणि तो कधी जावा हे फोनमधल्या जीमेलला सांगायचं. या सोयीचं स्क्रीनवरचं नाव Schedule send. खालची रीत अँड्रॉइड फोनवरच्या जीमेलची आहे.

आधी वार आणि वेळ ठरवा

आठवड्याचा वायदा १७ तारखेला, मंगळवारी संपतो. त्याआधी विचारणं म्हणजे त्यांच्या शब्दावर विश्वास नसल्यासारखं दिसतं. १९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी, म्हणजे त्या दिवशी मेल गेला तर तो पडून राहील. शुक्रवारी विचारलं तर उत्तर पुढच्या आठवड्यावर जाण्याची शक्यता जास्त. म्हणून बुधवार, १८ फेब्रुवारी हाच दिवस बरोबर.

वेळ माझ्या मते सकाळी साडेदहाच्या आसपासची. ऑफिसात माणूस आल्यावर रात्रीत साठलेले मेल आधी उरकतो, मग चहा होतो, आणि त्यानंतर आलेला मेल यादीत वरच दिसतो. जीमेल स्वतःहून सकाळी ८ ची वेळ सुचवतं; ती घेतली तर तुमचा मेल त्या साठलेल्या ढिगात जाऊन बसतो. एमआयडीसीतल्या कारखान्यांना रविवारीच सुट्टी असते असंही धरू नका. मुलाखतीला गेलात तेव्हाच साप्ताहिक सुट्टीचा वार फाटकावर विचारून घेतला तर हे गणित सोपं जातं.

नवा मेल लिहू नका, जुन्याच मेलला उत्तर द्या

मुलाखतीचं बोलावणं मेलनं आलं असेल तर तोच मेल उघडून Reply दाबा. बोलावणं फोनवर आलं असेल तर जीमेलमध्ये डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांवर टॅप करा, Sent मध्ये जा, आपला अर्जाचा मेल उघडा आणि तिथून Reply दाबा. यामुळे अर्ज, बायोडेटा आणि ही विचारणा एकाच धाग्यात राहते. मॅडमना तुमचं नाव शोधत बसावं लागत नाही. बोलावणं ज्या पत्त्यावरून आलं त्यात noreply असं लिहिलेलं असेल तर तिथे उत्तर देऊन उपयोग नाही, तो पत्ता कुणी वाचत नाही. तेव्हा अर्ज पाठवलेला पत्ताच वापरा.

आता From आणि To या दोन्ही ओळी नीट वाचा. आपल्याकडे एकाच फोनवर भावाचं, वडिलांचं अशी दोन-तीन खाती चालू असणं नेहमीचंच. अर्ज ज्या खात्यावरून गेला त्याच खात्यावरून हा मेल जायला हवा. चुकीच्या खात्यावरून गेला तर तो वेगळ्याच माणसाचा मेल दिसतो आणि उत्तर आलं तरी तुमच्या इनबॉक्समध्ये येत नाही.

मजकूर पोचण्याच्या दिवसाचा लिहा

वेळ लावून पाठवायच्या मेलमध्ये सगळ्यात सहज होणारी चूक इथे होते. लिहिताना रविवार असतो, म्हणून "मागच्या मंगळवारी", "परवा", "आज सुट्टी असल्याने" असे शब्द बोटांखाली येतात. वाचणारी व्यक्ती ते बुधवारी वाचणार. तिच्या दृष्टीनं मागचा मंगळवार म्हणजे कालचाच. म्हणून काल, आज, उद्या हे शब्द टाळा आणि सरळ तारीख घाला. मेल पुरेसा आहे तो एवढाच:

> आदरणीय महोदया,
> मंगळवार, १० फेब्रुवारी रोजी अकाउंट असिस्टंट या पदासाठी माझी मुलाखत झाली. निर्णय आठवड्याभरात कळवू, असे आपण सांगितले होते. त्याबाबत काही ठरले असल्यास कृपया कळवावे. मुलाखतीत आपण टॅलीमधील जीएसटी नोंदींबद्दल विचारले होते. त्या कामाचा अनुभवाचा दाखला सोबत जोडला आहे. निवड झाल्यास मी २ मार्चपासून रुजू होऊ शकेन.
> आपला नम्र,
> नाव, मोबाइल नंबर

जाहिरात इंग्रजीत असेल तर हाच मजकूर इंग्रजीत लिहा, वाढवू मात्र नका. यात एक आठवण आहे, एक नवी गोष्ट आहे आणि रुजू होण्याची तारीख आहे. "गरज आहे हो", "खूप वाट पाहतोय" अशी वाक्यं घातल्यानं निर्णय लवकर होत नाही.

उत्तर देताना जुनी जोडलेली फाइल आपोआप सोबत जात नाही. बायोडेटा धाग्यात आधीच आहे, तो पुन्हा लागणार नाही. पण दाखला नवा आहे, तो जोडावाच लागेल. पेपरक्लिपच्या चिन्हावर टॅप करून फोनमधली पीडीएफ जोडा. ड्राइव्हमधली लिंक देत असाल तर ती फाइल पाहण्याची परवानगी समोरच्याला आहे का हे आत्ताच तपासा. नाहीतर बुधवारी मॅडम लिंक उघडतील, त्यांना परवानगी मागणारा पडदा दिसेल, आणि तुमचा फोन तेव्हा जिनिंगच्या कपाटात असेल.

वेळ लावणं

निळ्या बाणाला, म्हणजे पाठवण्याच्या बटणाला, हात लावायचा नाही. त्याच्या शेजारी वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन उभे ठिपके असतात, त्यांवर टॅप करा. यादीत Schedule send दिसेल. Reply दाबल्यावर खाली लहान चौकटच उघडली आणि ठिपके दिसत नसले, तर ती चौकट मोठी करण्याच्या चिन्हावर टॅप करा. पूर्ण पान उघडलं की ठिपके दिसतात. फोनची भाषा मराठी असेल तर नाव मराठीत दिसेल, जागा तीच.

Schedule send दाबलं की उद्या सकाळ, उद्या दुपार अशा तयार वेळा समोर येतात. त्यातली एकही आपल्या कामाची नाही. Pick date & time निवडा, तारीख १८ फेब्रुवारी आणि वेळ १०:३० लावा. घड्याळ बारा तासांचं असेल तर AM आहे ना, हे बघा. PM राहिलं तर मेल रात्री साडेदहाला जाईल. मग Schedule send दाबून पक्कं करा. मेल ठरल्या वेळेनंतर काही मिनिटांनी गेला तरी ते नेहमीचंच आहे, म्हणून मिनिटाचा हिशेब करून अगदी काठावरची वेळ लावू नका.

खरंच लागला का ते पाहा

पुन्हा डावीकडच्या तीन रेघा उघडा आणि Scheduled मध्ये जा. तिथे तुमचा मेल आणि त्याची तारीख-वेळ दिसली पाहिजे. दुसऱ्या खात्यात असाल तर तो दिसणार नाही, कारण ही यादी प्रत्येक खात्याची वेगळी असते.

इथे नेटवर्कचा मुद्दा आहे, आणि आपल्या भागात तो टाळता येत नाही. वेळ लावलेला मेल गूगलच्या सर्व्हरवर जाऊन थांबतो आणि बुधवारी तिथूनच सुटतो. त्यामुळे त्या वेळी तुमचा फोन बंद असला, चार्जिंग संपलं, डेटा पॅक संपला, तरी काही अडत नाही. पण रविवारी रात्री वेळ लावताना तो मेल फोनमधून सर्व्हरपर्यंत पोचलेला हवा. टॉवर गायब असताना वेळ लावली आणि लगेच फोन बंद केला, तर मेल फोनमध्येच अडकलेला राहू शकतो. म्हणून नेट चालू आहे तोवर यादी खाली ओढून ताजी करा. शंका असेल तर दुसऱ्या फोनवर किंवा सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर जीमेल उघडून Scheduled पाहा. तिथेही दिसला म्हणजे तो सर्व्हरवर पोचला. बाहेरच्या कॉम्प्युटरवर काम झाल्यावर लॉगआउट करायला विसरू नका.

मधल्या तीन दिवसांत

वेळ लावलेला मेल इनबॉक्सवर लक्ष ठेवत नाही. सोमवारी कारखान्याकडून "निवड झाली आहे, शुक्रवारी कागदपत्रे घेऊन या" असं उत्तर आलं, तरी बुधवारी सकाळी "काही ठरले असल्यास कळवावे" हा तुमचा मेल जाईलच. समोरच्याला वाटेल, याने आमचा मेल वाचलाच नाही. हे फार वाईट दिसतं, आणि टाळणं तुमच्याच हातात आहे. म्हणून मंगळवारी रात्री पाच मिनिटं काढा: इनबॉक्स पाहा, स्पॅम पाहा, आलेले फोन आठवा.

उत्तर आलं असेल तर Scheduled मधला मेल उघडून Cancel send दाबा. तो पुसला जात नाही. Drafts मध्ये परत येतो. मजकुरात बदल करायचा असेल तरी रीत हीच. आधी Cancel send, मग दुरुस्ती, आणि मग पुन्हा पहिल्यापासून वेळ लावणं. ही शेवटची पायरी विसरली जाते. दुरुस्ती करून माणूस मागे येतो, मेल Drafts मध्ये बसून राहतो आणि बुधवारी काहीच जात नाही. दुरुस्तीनंतर तो Scheduled मध्ये पुन्हा दिसला तरच काम झालं असं समजा.

बुधवारी पाळी सुटल्यावर

फोन हातात आला की Sent उघडा. मेल तिथे असेल तर तो गेला. मग इनबॉक्समध्ये Mail Delivery Subsystem या नावानं काही आलंय का ते बघा. पत्त्यात एक अक्षर चुकलं असेल तर त्याची खबर वेळ लावताना मिळत नाही. मेल सुटल्यानंतरच परतीचा निरोप येतो. तसं झालं असेल तर पत्ता दुरुस्त करून त्याच दिवशी, शक्यतो ऑफिस बंद होण्याआधी, पुन्हा पाठवा. दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे, म्हणून त्या वेळी परत वेळ लावत बसण्यापेक्षा सरळ निळा बाण दाबा.

उत्तर आलं नाही तर पुढच्या बुधवारपर्यंत, २५ फेब्रुवारीपर्यंत थांबा. त्यानंतर मात्र तिसरा मेल लिहू नका. जाहिरातीवरच्या ऑफिस नंबरवर अकराच्या सुमारास फोन करा आणि नाव, पद आणि मुलाखतीची तारीख सांगून विचारा.